परावर्तित रंगझाक

खोलीतील एखाद्या मोठ्या रंगीत पृष्ठभागावर, म्हणजे जमिनीवर, गालिच्यावर किंवा सोफ्यावर, पडलेला प्रकाश तेथून विखरून आसपासच्या भिंतींवर, छतावर आणि माणसांच्या त्वचेवर पडतो व जाताना त्या पृष्ठभागाचा रंग बरोबर नेतो. त्यामुळे पांढऱ्या भिंतीवर किंवा चेहऱ्यावर जी फिकट छटा उमटते ती परावर्तित रंगझाक होय. भौतिकीच्या दृष्टीने हा परस्पर विसरित परावर्तनाचा परिणाम आहे. संगणकीय चित्रणात यालाच ‘कलर ब्लीडिंग’ असे नाव आहे. नावावरून एका पृष्ठभागाचा रंग दुसऱ्यात झिरपतो असे वाटते, पण प्रत्यक्षात रंगद्रव्य जागचे हलत नाही. बदलतो तो केवळ भिंतीवर पडणारा प्रकाश.

घराच्या सजावटीत ही झाक बहुधा दुर्लक्षित राहते. जेथे रंगावरून निर्णय घ्यायचा असतो तेथे मात्र ती अडचणीची ठरते. नवजात बालकाची कावीळ केवळ पाहून ओळखणे, दाताच्या जुळणीसाठी छटा निवडणे आणि छापील चित्राचे रंग तपासणे ही अशी काही कामे होत.

## कारण

पांढऱ्या प्रकाशात वर्णपटातील सर्व रंग मिसळलेले असतात. लाल कापडावर असा प्रकाश पडला की कापडातील रंगद्रव्य निळा व हिरवा भाग बराचसा शोषून घेते आणि तांबडा भाग परत पाठवते. आरशावर पडलेला किरण एका ठरावीक दिशेने परततो. खरखरीत कापड, चुन्याची भिंत, गालिचा किंवा न घोटलेली जमीन यांवरून मात्र तो सर्व दिशांना विखुरतो. असा पृष्ठभाग कोणत्याही कोनातून पाहिला तरी जवळपास सारखाच उजळ दिसतो. योहान हाइनरिख लांबेर्ट यांनी १७६० साली प्रसिद्ध केलेल्या ‘फोटोमेट्रिया’ या लॅटिन ग्रंथात या प्रकारच्या परावर्तनाचा गणिती विचार केला, म्हणून आदर्श विसरित पृष्ठभागाला आजही त्यांचे नाव दिले जाते.

याचा अर्थ, उन्हात असलेली लाल जमीन ही एक प्रकारे लाल दिवाच असते. हा दिवा मंद असतो, पण त्याचे क्षेत्रफळ मोठे असते, आणि झाकेचे रहस्य या क्षेत्रफळातच आहे. टेबलावरच्या लाल पेल्यावरूनही तांबडा प्रकाश विखुरतो; मात्र भिंतीवरील एखाद्या बिंदूवरून पाहिले असता तो पेला दृष्टिक्षेत्राचा अगदी लहान भाग व्यापतो. त्याच बिंदूवरून जमीन मात्र निम्म्या दृष्टिक्षेत्रापर्यंत पसरलेली असते. त्यामुळे झाक किती गडद पडेल हे तीन गोष्टींवर ठरते: रंगीत पृष्ठभागावर मुळात किती प्रकाश पडतो, त्यातला कोणता रंग किती प्रमाणात परत जातो, आणि झाक घेणाऱ्या बिंदूवरून तो पृष्ठभाग केवढा दिसतो.

## लाल जमीन आणि पांढरी भिंत

कोकणातील व गोव्यातील जुन्या घरांत लोहभस्म मिसळलेल्या सिमेंटची लाल जमीन अजूनही आढळते. अशा जमिनीच्या खोलीचे साधे गणित करून पाहता येते. जमीन आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी तांबडा ४० टक्के, हिरवा १२ टक्के आणि निळा ८ टक्के परत पाठवते असे धरू. खोली भिंतीपासून ४ मीटर खोल आहे. जमिनीवर खिडकीतून येणारा पांढरा प्रकाश प्रत्येक रंगात १००० एकके पडतो. ज्या भिंतीचा विचार करायचा तिच्यावर थेट येणारा प्रकाश त्यामानाने कमी, म्हणजे प्रत्येक रंगात २०० एकके आहे. (ज्या भिंतीत खिडकी असते तिला लागून असलेल्या भिंतींवर प्रकाश तिरपा पडतो, त्यामुळे असे अंतर अस्वाभाविक नाही.)

भिंतीच्या पायथ्याशी, २५ सेंटीमीटर उंचीवरील बिंदूकडे जमिनीवरून निघालेल्या प्रकाशाचा सुमारे ४७ टक्के हिस्सा मोजला जातो. हा हिस्सा भूमितीने मिळतो: उंचीला, त्या बिंदूपासून जमिनीच्या पलीकडच्या कडेपर्यंतच्या तिरप्या अंतराने भागावे, आलेली संख्या १ मधून वजा करावी आणि उत्तर निम्मे करावे. येथे खोलीची दुसरी बाजू पुरेशी लांब आहे असे गृहीत धरले आहे. यावरून जमिनीकडून त्या बिंदूवर तांबडी १८८, हिरवी ५६ आणि निळी सुमारे ३८ एकके येतात. थेट प्रकाशाची २०० एकके त्यांत मिळवली की तांबडी ३८८, हिरवी २५६ व निळी २३८ होतात. निळ्याच्या मानाने तांबडा दीडपटीहून अधिक झाला. भिंत स्वतः पांढरी आहे, म्हणजे ती तिन्ही रंग सारख्याच प्रमाणात परत करते. त्यामुळे डोळ्याकडे किंवा कॅमेऱ्याकडे जाणारे प्रमाणही तेच राहते.

तीच रीत १ मीटर उंचीवर लावली असता जमिनीचा हिस्सा ३८ टक्क्यांवर येतो व तांबड्याचे निळ्याशी प्रमाण १.५३ होते. २ मीटर उंचीवर हिस्सा २८ टक्के आणि प्रमाण १.४ असते. पायथ्याशी ते १.६३ होते. म्हणजे झाक भिंतीच्या खालच्या कडेला सर्वांत गडद असते आणि वर जाताना हळूहळू विरळ होते, पण छतापर्यंत ती पूर्णपणे नाहीशी होत नाही. हा हळूहळू होणारा उतार हेच या घटनेचे ओळखचिन्ह होय. भिंतीला लावलेला रंगच तांबूस असता तर तो खाली-वर सारखाच तांबूस दिसला असता.

हे गणित फक्त पहिल्या उसळीचे आहे. प्रत्यक्षात भिंतीवरचा प्रकाश पुन्हा जमिनीवर, छतावर आणि समोरच्या भिंतीवर जातो, व ही देवाणघेवाण प्रकाश शोषून संपेपर्यंत चालते. पांढरी भिंत पाचातील चार भाग प्रकाश परत करत असेल तर तो अनेक फेऱ्या मारतो, आणि प्रत्येक फेरीत त्याचा काही अंश लाल जमिनीला स्पर्शून निळा व हिरवा गमावतो.

याचा एकूण परिणाम अंदाजाने काढता येतो. ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत जमीन १६, छत १६ आणि चार भिंती मिळून ४८ चौरस मीटर, असे एकूण ८० चौरस मीटर पृष्ठ होते. जमीन त्याचा केवळ पाचवा भाग आहे. पांढऱ्या भागाची परावर्तकता ८० टक्के धरल्यास सबंध खोलीची सरासरी तांबड्यासाठी ७२ टक्के आणि निळ्यासाठी सुमारे ६५.६ टक्के येते. हा फरक किरकोळ वाटतो. पण अप्रत्यक्ष प्रकाशाचे प्रमाण काढताना या सरासरीला, शोषल्या जाणाऱ्या हिश्श्याने भागावे लागते: तांबड्यासाठी ०.७२ भागिले ०.२८, म्हणजे २.५७, निळ्यासाठी ०.६५६ भागिले ०.३४४, म्हणजे १.९१. वारंवार होणाऱ्या परावर्तनामुळे तो लहानसा फरक ३५ टक्क्यांचा होऊन बसतो. जमीनही पांढरी असती तर हाच आकडा तिन्ही रंगांसाठी ४ आला असता. लाल जमीन खोली तांबूस करते, तशीच ती बरीच काळोखीही करते, हे यावरून दिसते. पाचव्या भागातील लाल रंगाने हा परिणाम होतो, मग लाल भिंतींच्या खोलीचे काय होत असेल, याचा विचार रंगाचा डबा उघडण्यापूर्वी केलेला बरा.

दोन लाल पृष्ठभाग समोरासमोर असले तर रंग अधिकच गडद होतो. एका परावर्तनात तांबड्याचे निळ्याशी प्रमाण ४० ला ८, म्हणजे पाचपट होते. त्याच रंगाच्या दुसऱ्या पृष्ठभागावरून परतल्यावर ते पंचवीसपट होते. सोफ्याची बैठक व पाठ जेथे मिळतात त्या खाचेत, पडद्याच्या चुण्यांत आणि गुलाबाच्या पाकळ्यांच्या मध्यात रंग अधिक गहिरा वाटतो, त्याचे एक कारण हे आहे.

## सोफा, अंतर आणि चकाकी

जमिनीच्या तुलनेत सोफा लहान असतो, म्हणून अंतराबरोबर त्याचा प्रभाव झपाट्याने घटतो. २ मीटर लांब व ८० सेंटीमीटर उंच अशी सोफ्याची पाठ पांढऱ्या भिंतीसमोर उभी आहे असे समजू. भिंत १ मीटरवर असेल तर पाठीसमोरच्या बिंदूकडे तिचा हिस्सा सुमारे ३० टक्के असतो. भिंत ३ मीटरवर नेली की तो ५ टक्क्यांच्या आसपास येतो. ५ टक्के हिश्श्यातील रंग साध्या नजरेला बहुधा कळत नाही. मात्र सोफ्यावर बसलेल्या माणसाचे अंतर मीटरात नव्हे, सेंटीमीटरांत मोजावे लागते. हनुवटीची खालची बाजू, गळा, मनगटाची आतील बाजू आणि पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या यांना बैठकीचा व पाठीचा रंग सर्वाधिक लागतो. त्यामुळे सोफ्याची झाक भिंतीवर शोधण्यापेक्षा माणसावर शोधणे सोपे जाते.

पृष्ठभागाच्या जातीनेही फरक पडतो. मखमल, सुती कापड, लोकर व गालिचा यांवरून येणारा जवळजवळ सगळा प्रकाश रंगद्रव्यात शिरून बाहेर पडलेला असतो, म्हणून तो रंगीत असतो. घोटलेल्या लाल फरशीवर किंवा चकचकीत रेक्झिनवर मात्र दोन वेगळी परावर्तने घडतात. प्रकाशाचा एक भाग वरच्या गुळगुळीत थरावरूनच आरशासारखा परततो आणि त्याचा रंग मूळ प्रकाशाचाच राहतो. दुसरा भाग आत जाऊन रंग घेऊन विखुरतो. लाल फरशीत खिडकीचे पांढरे प्रतिबिंब दिसते ते यामुळे. तिरप्या कोनातून पडणाऱ्या प्रकाशात आरशासारखा भाग वाढतो, म्हणून संध्याकाळी खाली उतरलेल्या सूर्याच्या उजेडात अशी फरशी भिंतीवर पांढरा कवडसा टाकते, आणि नेमकी तेव्हाच तिची लाल झाक कमी जाणवते. धातू याला अपवाद आहेत. पितळेचे व तांब्याचे चकचकीत प्रतिबिंबही रंगीत असते, त्यामुळे घासलेल्या तांब्याच्या घंगाळावरून भिंतीवर पडणारा कवडसा तांबूस दिसतो.

## डोळ्याला ती का दिसत नाही

इतकी झाक असूनही अशा घरात राहणाऱ्यांना भिंती पांढऱ्याच वाटतात, याचे कारण डोळा व मेंदू यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. मेंदू प्रकाशाचा रंग वजा करून वस्तूचा रंग कायम ठेवण्याचा प्रयत्न करतो. दुपारी, संध्याकाळी आणि दिव्याखाली कागद पांढराच भासतो तो या क्षमतेमुळे. शिवाय भिंतीवरील झाक हळूहळू बदलते, आणि हळूहळू होणारे बदल मेंदू सहसा प्रकाशाच्या खाती टाकतो. ठळक कडा मात्र वस्तूच्या खाती जातात.

मेंदूची ही वजाबाकी किती बारकाईची असते हे मरीना ब्लोई, डॅनियल कर्स्टन व अन्या हर्लबर्ट यांनी १९९९ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसून आले. मध्ये दुमडलेल्या एका कार्डाची एक बाजू गडद गुलाबी व दुसरी पांढरी होती. कार्ड उघडलेल्या पुस्तकासारखे प्रेक्षकाकडे तोंड करून उभे असल्याने गुलाबी बाजूची झाक पांढऱ्या बाजूवर पडत होती. कार्ड जसे आहे तसे पाहताना लोकांना पांढरी बाजू अगदी फिकट गुलाबी वाटली. नंतर खोलीची जाणीव उलटी करणाऱ्या उपकरणातून तेच कार्ड दाखवले. आता ते घराच्या छपरासारखे बाहेर आलेले भासू लागले आणि तीच बाजू स्पष्टपणे अधिक गुलाबी दिसली. डोळ्यात शिरणारा प्रकाश दोन्ही वेळा सारखाच होता. छपराच्या दोन बाजू एकमेकींवर प्रकाश टाकू शकत नाहीत, म्हणून मेंदूने गुलाबी रंग झाकेच्या खाती न टाकता वस्तूचाच मानला.

कॅमेऱ्याजवळ असा हिशेब नसतो. त्यातील श्वेतसंतुलन सबंध चित्रावर एकच दुरुस्ती लावते. दिव्याच्या पिवळेपणाला ती पुरते, कारण दिवा सर्वत्र सारखाच पिवळा असतो. पण चेहऱ्याच्या वरच्या भागावर खिडकीचा पांढरा उजेड आणि हनुवटीखाली हिरव्या सोफ्याची झाक असेल तर एक दुरुस्ती दोन्ही ठिकाणी लागू पडत नाही: हनुवटी सुधारली की कपाळ जांभळट होते.

झाक दिव्याची आहे की परावर्तनाची, हे ठरवण्यासाठी पांढरा कागद पुरतो. कागद भिंतीजवळ धरून आधी खिडकीकडे व मग जमिनीकडे कलता करावा. दिव्याच्या किंवा आकाशाच्या रंगाने तो दोन्ही स्थितींत सारखाच रंगतो. परावर्तित झाकेत जमिनीकडे कलताच त्याचा रंग बदलतो. तरीही शंका राहिली तर सोफ्यावर पांढरी चादर टाकून भिंतीकडे पाहावे. चादर टाकण्यापूर्वी आणि नंतर, एकाच मांडणीत व श्वेतसंतुलन न बदलता काढलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की डोळ्याने लपवलेला फरक उघड होतो.

भिंतीला रंग देताना याच कारणाने फसगत होते. रंगारी जमीन खराब होऊ नये म्हणून निळी ताडपत्री अंथरतात आणि भिंतीवर छटांचे नमुने लावतात. ताडपत्रीच्या निळ्या झाकेत मलईच्या रंगाचा नमुना फिका व करडा वाटतो, म्हणून त्याहून पिवळी छटा निवडली जाते. ताडपत्री गेली, विटकरी फरशी उघडी पडली आणि तिच्यावर सोफा आला की तीच भिंत अपेक्षेपेक्षा बरीच पिवळी दिसू लागते. नमुना पाहताना जमीन अंतिम अवस्थेत असावी किंवा निदान तिच्या रंगाचे कापड अंथरावे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

## त्वचेवरील झाक

त्वचेवर झाक निराळ्या प्रकारे वाचली जाते, कारण त्वचेच्या छोट्या रंगबदलांवरून माणसाचे आरोग्य ताडण्याची सवय सर्वांनाच असते. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते. त्यामुळे निरोगी त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात हिरवा कमी व तांबडा अधिक असतो. हिरव्या गालिच्यावरून आलेली झाक हा तोल बिघडवते आणि चेहरा निस्तेज, आजारी भासतो. लाल झाक त्वचेच्या नैसर्गिक रंगात मिसळून जाते व चेहऱ्याला लाली आल्यासारखे वाटते. म्हणून सारख्याच प्रमाणात असलेल्या दोन झाकांपैकी हिरवी लवकर खटकते.

नवजात बालकाच्या बाबतीत हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात अनेक बालकांना कावीळ होते. रक्तातील बिलिरुबिन वाढून ते त्वचेत साठते आणि निळा प्रकाश शोषते. त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात निळा कमी पडतो, म्हणून ती पिवळी दिसते. बहुतेक वेळा ही कावीळ निरुपद्रवी असते, परंतु बिलिरुबिनचे प्रमाण फार वाढल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी बाळ कोणत्या चादरीवर ठेवले आहे याला महत्त्व येते.

एक गणित पाहू. बाळाच्या गालावर आणि खालच्या चादरीवर खिडकीतून तिन्ही रंगांत १०० एकके प्रकाश पडतो आणि गालाच्या कडेच्या बाजूकडे चादरीचा हिस्सा ४० टक्के आहे असे समजू. चादर पिवळी असून ती तांबडा व हिरवा ७५ टक्के, पण निळा १५ टक्केच परत करते. मग गालावर तांबडा व हिरवा १३० एकके होतो आणि निळा १०६. म्हणजे कावीळ नसतानाही गालावरचा निळा प्रकाश सुमारे १८ टक्क्यांनी कमी भरतो. आता निळ्या चादरीचा विचार करू; ती निळा ६० टक्के आणि इतर दोन रंग २० टक्के परत करते. गालावर तांबडा व हिरवा १०८ आणि निळा १२४ होतो, आणि खराखुरा पिवळेपणा काही अंशी झाकला जातो. दोहोंपैकी दुसरी चूक अधिक धोक्याची आहे, कारण पहिलीत उगाच तपासणी होते, तर दुसरीत आवश्यक तपासणी राहून जाते.

म्हणून बाळाला पाहायचे ते भरपूर उजेडात, शक्यतो दिवसाच्या प्रकाशात, कपडे काढून व पांढऱ्या कापडावर. रंगीत पडदे बाजूला सारणे आणि पाहणाऱ्याने गडद रंगाची ओढणी किंवा शाल बाळावर झुकू न देणे हेही त्याच तत्त्वाचे भाग आहेत. त्वचा बोटाने हलकेच दाबून सोडली की रक्त क्षणभर सरते व खालचा पिवळा रंग दिसतो. सावळ्या त्वचेत हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भागही पाहतात. एवढी काळजी घेऊनही नजरेचा अंदाज बिलिरुबिनचे प्रमाण सांगण्यास पुरेसा नसतो. संशय आल्यास त्वचेवर ठेवून मापणारे उपकरण किंवा रक्ततपासणी यांवरच निर्णय होतो.

उपचारात हीच घटना उपयोगी पडते. काविळीसाठी बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. त्या प्रकाशाने बिलिरुबिनचे रूप बदलते आणि ते शरीराबाहेर टाकणे सोपे होते. दिव्याभोवती पांढरे कापड लावले असता बाजूला निसटणारा निळा प्रकाश परत बाळाकडे वळतो. तेथे पिवळे कापड लावले तर तोच निळा प्रकाश कापडात जिरेल.

दंतवैद्य नवीन दाताची छटा जुळवतात तेव्हा रुग्णाच्या भडक कपड्यांवर करडे कापड पसरतात आणि ओठांचा रंग पुसायला सांगतात, तेही यासाठीच. छापील चित्रांचे रंग तपासण्याच्या आयएसओ ३६६४ या आंतरराष्ट्रीय मानकात भोवतालचे पृष्ठभाग तटस्थ रंगाचे व अचकचकीत असावेत अशी अट आहे.

## चित्रकला, चलच्चित्र आणि संगणक

ही झाक प्रथम बारकाईने टिपली ती चित्रकारांनी. लिओनार्दो दा विंची यांच्या चित्रकलेवरील टिपणांत, शुभ्र वस्त्रे नेसून मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या स्त्रीचे उदाहरण येते: तिच्या वस्त्राचा आकाशाकडील भाग निळसर, तर गवताजवळचा भाग हिरवट दिसतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. सावली म्हणजे नुसता काळा रंग मिसळणे नव्हे, सावलीत भोवतालचे रंग असतात, ही समज येथून पुढे युरोपीय चित्रकलेत रुजली.

भारतीय चित्रपटात परावर्तित प्रकाशाचा जाणीवपूर्वक वापर छायालेखक सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटात केला. बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते आणि वरून येणाऱ्या आकाशाच्या मऊ उजेडाचा भास हवा होता. मित्र यांनी दिवे थेट कलाकारांवर न रोखता वर ताणलेल्या पांढऱ्या कापडावर टाकले. तो चित्रपट कृष्णधवल होता, म्हणून कापडाच्या छटेने फारसे बिघडले नसते. रंगीत चित्रीकरणात मात्र परावर्तनासाठी वापरायचा थर्मोकोल जुना होऊन पिवळा पडला की चेहराही पिवळसर येतो. झाक नको असेल तेथे कलाकाराच्या बाजूला काळे कापड धरतात. त्याने सावली गडद होते, परंतु गालिच्याचा रंग चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

संगणकाने काढलेल्या आरंभीच्या त्रिमितीय चित्रांत ही झाक नव्हती. आरशांतील प्रतिबिंबे त्यांत अचूक येत. पण विसरित पृष्ठभाग एकमेकांवर प्रकाश टाकत नसल्याने खोल्या निर्जीव वाटत. १९८४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सिंडी गोरल, केनेथ टॉरन्स, डोनाल्ड ग्रीनबर्ग व बेनेट बॅटाइल यांनी उष्णता-अभियांत्रिकीतील गणित वापरून पृष्ठभागांमधील ही देवाणघेवाण मोजण्याची रीत मांडली. त्यांनी चाचणीसाठी घेतलेली खोकी ‘कॉर्नेल बॉक्स’ या नावाने प्रसिद्ध झाली: पांढऱ्या खोक्याच्या दोन समोरासमोरच्या भिंती रंगीत, व त्यांच्या छटा पांढऱ्या भागावर उमटलेल्या. पुढे लाल व हिरव्या भिंतींची जोडी रूढ झाली. खरेखुरे खोके बांधून त्याची संगणकाच्या चित्राशी तुलनाही करण्यात आली. नव्या प्रकाशगणनेच्या पद्धती आजही याच खोक्यावर तपासतात.

संगणकीय खेळांत दृश्य क्षणोक्षणी नव्याने काढावे लागते, म्हणून बराच काळ ही झाक आधीच मोजून भिंतींच्या चित्रांतच भरून ठेवण्याची पद्धत होती. तिचा दोष सहज उघड होई: खेळाडूने लाल सोफा ढकलून दुसरीकडे नेला तरी पहिल्या जागेजवळची भिंत तांबूसच राही, आणि नव्या जागेजवळची भिंत पांढरीशुभ्र दिसे.